प्रत्येकच नेता पॉप्युलिस्ट असतो का?

प्रश्न: कस्तुरचंद पार्कवरच्या सभेत सगळेच नेते ‘जनता, जनता’ करतात. मग सगळेच पॉप्युलिस्ट का?

उत्तर: नाही. कर्जमाफी किंवा फुकट वीज हा लोकानुनय झाला. त्यालाच पॉप्युलिझम समजण्याची गल्लत आपल्याकडे फार होते. डच राज्यशास्त्रज्ञ कास मुडे यांच्या पॉप्युलिझमच्या २००४ च्या व्याख्येत समाज दोन गटांत विभागलेला असतो, निर्मळ जनता आणि भ्रष्ट अभिजन, आणि राजकारण म्हणजे जनतेच्याच इच्छेचा आविष्कार असावा, असा आग्रह असतो.

“या सरकारनं संत्र्याला भाव दिला नाही, आम्ही देऊ,” हा साधा प्रचार. “खरी जनता आमच्याच मागे आहे, विरोध करणारे जनतेचे नाहीतच,” हा पॉप्युलिझम. पहिल्यात विरोधक चुकलेला असतो, दुसऱ्यात त्याला विरोध करायचा हक्कच उरत नाही.

म्हणून नेत्यांच्या भाषणांतला पॉप्युलिझम मोजणारे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ कर्क हॉकिन्स सुटे शब्द मोजत नाहीत. त्यांच्या पद्धतीत अख्खं भाषण वाचून ते किती पॉप्युलिस्ट आहे याचे ० ते २ गुण देतात.