दिवसाचा दर ७००, मग बिल २६ हजार कसं? डायबेटिक कुत्र्याच्या बोर्डिंगचा हिशेब

प्रश्न: आमची चेरी ११ वर्षांची लॅब्रॅडॉर आहे, डायबेटिक. सकाळ-संध्याकाळ १० युनिट इन्सुलिन. ४ मे सकाळी १० ला सोडून २६ मे संध्याकाळी ६ ला परत घ्यायची आहे. पुण्यातल्या बोर्डिंगने दिवसाला ७०० सांगितले, शिवाय "औषधाचे १००, वेगळ्या जेवणाचे ८०, लांब मुक्कामाला १० टक्के सूट" असं म्हणाले. एकूण किती धरू? आणि काय काय विचारू?

उत्तर:

तुम्हाला मिळालेल्या या चार आकड्यांतून दोन अगदी वेगळी बिलं निघतात, आणि दोन्ही बरोबर असतात. म्हणून दर कमी करा म्हणण्याआधी प्रत्येक आकड्याच्या मागे "कशाचे?" हा शब्द लावून विचारा.

सुरुवात दिवसापासून. ४ ते २६ मे या २२ रात्री होतात, पण तारखा मोजल्या तर २३ दिवस. काही जण रात्रीवर पैसे घेतात, काही तारखेवर, तर काही २४ तासांवर. तिसऱ्या पद्धतीत तुमचे शेवटचे आठ तास अर्धा दिवस धरायचे की पूर्ण, हे मालकाच्या मनावर असतं. फरक ७०० चाच आहे, पण बाकीची सगळी जादा रक्कम याच मोजणीवर चढते, म्हणून हे आधी पक्कं करा.

आता औषधाचे १००. हे दिवसाला, एका औषधाला, की एका इंजेक्शनला? चेरीची ४४ इंजेक्शनं तिथे होतील: पहिल्या दिवशी संध्याकाळचं एक, शेवटच्या दिवशी सकाळचं एक आणि मधल्या २१ दिवसांत रोज दोन. इंजेक्शनला १०० असतील तर ४,४०० झाले, दिवसाला असतील तर साधारण निम्मे.

सुटीचंही तसंच. १० टक्के सगळ्या मुक्कामावर, की पंधरा दिवसांनंतरच्या दिवसांवर? पहिल्या पद्धतीत १,६१० वाचतात, दुसऱ्या पद्धतीत फक्त आठ दिवसांचे ५६०. शिवाय लांब मुक्कामाला मध्ये एक आंघोळ सक्तीची असते का, हेही विचारा. अनेक ठिकाणी असते आणि तिचे पैसे वेगळे. आंघोळीचे ८०० धरून चालू.

तर जड बाजूचं बिल असं: २३ दिवसांचे १६,१००, इंजेक्शनचे ४,४००, जेवणाचे १,८४०, आंघोळीचे ८००, वजा सूट ५६०. झाले २२,५८०. बोर्डिंग जीएसटीत नोंदलेलं असेल तर वर १८ टक्के, म्हणजे साधारण २६,६४४. हलक्या बाजूला २२ रात्री, पूर्ण भाड्यावर सूट, औषध दिवसाला १००, जेवण तुमचंच, आंघोळ नाही आणि जीएसटी नाही, असं धरलं तर १६,०६०. साडेदहा हजारांचा फरक आहे आणि फोनवर ऐकलेलं वाक्य मात्र तेच.

कुठे घासाघीस करायची? जेवणावर करा. ७०० मध्ये त्यांचा चिकन-भात धरलेला असतो. तुम्ही चेरीचं नेहमीचं खाणं दिवसागणिक पुड्या करून देणार असाल तर ८० कशाचे, हा प्रश्न रास्त आहे, आणि थोडं भाडं कमी करा हेही. ते तिच्यासाठी वेगळं शिजवणार असतील तर मात्र ८० द्यावेत. डायबेटिक कुत्र्याचं खाणं अचानक बदलू नये, कारण इन्सुलिनचा डोस त्याच खाण्यावर बसवलेला असतो.

इंजेक्शनच्या पैशांवर मी घासाघीस करत नाही. जेवणात गोळी कालवणं वेगळं आणि सकाळी सात व संध्याकाळी सातला, बारा तासांचं अंतर राखून, ती नीट जेवली आहे का ते बघून टोचणं वेगळं. तुम्ही त्या वेळी हजर असणाऱ्या माणसाचे पैसे देत असता. म्हणून विचारायचं ते हे: सातला कोण असतं? रविवारी कोण? कामाला येणारा मुलगा साडेनऊला येत असेल तर इंजेक्शनला शंभर दिले काय नि दोनशे दिले काय, सकाळचा डोस दहालाच होणार.

माझ्या टिपूला एकदा १२ दिवस ठेवलं होतं. लागणार होत्या २४ सिरिंज, मी दिल्या २०. संपल्यावर त्यांनी जवळच्या दुकानातून आणल्या, पण लाल टोपणाच्या यू-४० ऐवजी केशरी टोपणाच्या यू-१००. बाटली एका मिलीला ४० युनिटची होती. यू-१०० सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं की त्या बाटलीतलं इन्सुलिन जातं फक्त ४ युनिट. दोन दिवसांत टिपू भांडंभर पाणी पिऊन कोपऱ्यात लघवी करू लागला, आणि घरी आल्यावर साखर चारशेच्या वर निघाली. उलटं झालं असतं, म्हणजे १०० ची बाटली आणि यू-४० सिरिंज, तर १० च्या जागी २५ युनिट गेलं असतं आणि तो वाचला नसता, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या लोकांना दोष देऊन उपयोग नव्हता, सिरिंज मी मोजल्या नव्हत्या. तुम्ही ४४ ला ५५ द्या, बाटलीवर आणि सिरिंजच्या पाकिटावर एकाच रंगाची पट्टी चिकटवा. बाटली नवीन द्या, कारण उघडलेली साधारण महिनाभरच वापरावी. ती फ्रिजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही, हे बाटलीवरच लिहा.

दुसरा धोका पहिल्या दोन दिवसांचा. नव्या जागी बरीच कुत्री जेवत नाहीत, आणि रिकाम्या पोटी पूर्ण डोस गेला तर साखर खाली येते: पाय लडखडतात, नजर हरवते, पुढे झटका येतो. चेरी अर्धंच जेवली तर किती युनिट, अजिबात नाही जेवली तर काय, हे तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. आम्ही अंदाजाने सांगण्याची ही गोष्ट नाही. सोबत मधाची छोटी बाटली द्या, लक्षणं दिसली की हिरड्यांना चोळायला, आणि लगेच डॉक्टरांकडे. हाताने भरवावं लागलं तर त्याचे वेगळे पैसे घेतात का, तेही आत्ताच ठरवा.

आणखी एक कागद: तुमचा फोन लागला नाही तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं आणि किती रुपयांपर्यंत तुम्हाला न विचारता खर्च करायचा. मी १५,००० लिहितो. अनामत घेतात ती यातच धरतात की भाड्यात, हेही विचारा.

मे महिना म्हणजे सुट्ट्यांचा हंगाम, त्यामुळे ७०० हा हंगामी दर आहे की साधा, तेही विचारून घ्या. हे सगळं फोनवर न ठेवता एकदा व्हॉट्सॲपवर पाठवा: "४ मे सकाळी १० ते २६ मे संध्याकाळी ६. किती दिवस धरणार? इन्सुलिन ४४ वेळा, प्रत्येकी किती? जेवण आमचं. सूट कशावर? आंघोळ? जीएसटी? एकूण रक्कम कळवा." एकूण रक्कम आकड्यात आली की तीच पावती समजा.

आणि एप्रिलमध्येच एक रात्र ठेवून बघा. संध्याकाळी सातला स्वतः तिथे थांबा, त्यांना तुमच्यासमोर सिरिंज भरू द्या, बुडबुडा काढतात का आणि कोणत्या रेघेवर थांबतात ते बघा. सकाळी सातच्या डोसचा व्हिडिओ मागवा. त्या एका रात्रीचे ७०० आणि दोन इंजेक्शनचे पैसे द्यावे लागतील, ते द्या. व्हिडिओ सव्वासातपर्यंत आला नाही, तर दुसरी जागा शोधायला तुमच्या हातात अजून दिवस असतील.