पाईपचा साठा किलोत की नगात, हे ठरवा आणि मग सॉफ्टवेअर निवडा

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत आमचा पीव्हीसी पाईपचा लहान कारखाना आहे. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, साठा वहीत, बिलं टॅलीत. ओळखीचा एक मुलगा स्वतंत्र सिस्टम लिहून देतो म्हणतो, एक जण ईआरपीनेक्स्ट बसवून देतोय, आणि महिन्याच्या वर्गणीवरचं तयार टूलही पाहिलंय. काय घ्यावं?

उत्तर: भाऊ, आमचाही धंदा पाईपचाच, आणि व्हॉट्सॲप-वही-टॅली हीच गत होती. टॅली बंद करणार नाही हे धरूनच चालतो. ऑर्डर ते डिस्पॅच एवढंच नवीन ठिकाणी न्या.

आम्ही ईआरपीनेक्स्ट घेतलं. ते चांगलं आहे, बसवून देणाऱ्यांनी मात्र घोळ घातला. रेझिन किलोत येतं म्हणून त्यांनी पाईपचाही `Default Unit of Measure` किलो ठेवला आणि नगाचा गुणक घातला अडीच. कागदावर अगदी बरोबर. पण लाईनवर हॉल-ऑफ थोडा जरी हळू चालला तरी भिंत जाड होते, आणि अडीच किलोचा पाईप 2.6 किलोचा निघतो. त्या दिवशी हजार नग काढले, काट्यावर 2600 किलो भरले, सुपरवायझरने तेवढेच नोंदवले. सिस्टमने अडीचने भागून साठा दाखवला 1040 नग. रॅकवर हजार! जे चाळीस पाईप जन्मलेच नाहीत ते रावेरच्या डीलरला कबूल झाले आणि गाडी अर्धवट भरून उभी राहिली. हलका माल निघाला की उलटं: पाईप डोळ्यासमोर, पण साठा अपुरा म्हणून चलन निघत नाही. चलनाच्या ओळीत गुणक बदलता येतो, हे खरं. पण मृगबागेच्या आधीच्या गर्दीत दर गाडीला तो बदलत कोण बसणार?

आणि एकदा व्यवहार झाले की त्या आयटमचं मूळ युनिट सरळ बदलू देत नाही, नवीन आयटम काढावा लागतो. म्हणजे जुन्याचा साठा शून्य करा, नव्यात भरा, प्रलंबित ऑर्डरी पुन्हा टाका, तेही प्रत्येक साईझ आणि प्रेशरसाठी. त्या मंडळींनी याला ‘वाढीव काम’ म्हणून वेगळं बिल लावलं! फोन केला की दर वेळी नवा मुलगा उचलायचा आणि पहिल्यापासून विचारायचा. असो.

आता आमच्याकडे रेझिन, कंपाउंड, दळलेला माल किलोत आहे, आणि पाईप नगात. नगांचं प्रत्यक्ष वजन उत्पादनाच्या नोंदीत वेगळं लिहितो, खपही खरा वजन करूनच टाकतो. त्यामुळे ते जादा 100 किलो पाईपच्या साठ्यात लपत नाहीत, कच्च्या मालाच्या खपात उघडे पडतात. त्याच दिवशी ऑपरेटरला बोलावून लाईन बघता येते.

म्हणून तिघांनाही एकच काम द्या. हजार नग, वजन 2600 किलो. त्यातून आज 300 आणि परवा 700 पाठवायचे, शेवटी पाईपचा साठा शून्य आला पाहिजे. शिवाय 60 किलो रिजेक्ट पाईप दळून पुन्हा मिक्सिंगला जातोय, तो किलोत परत दिसला पाहिजे आणि त्याला दर लागला पाहिजे. दर शून्य राहिला तर पुढची बॅच उगाच स्वस्त दिसते. हे तुमच्याच डेटावर समोर करून दाखवायला सांगा. ‘होईल, बसवून देऊ’ हे उत्तर धरू नका.

मी पाहिलेली वर्गणीची टूल्स इथेच अडकली. खरेदी-विक्रीला ती छान आहेत, पण गुणक पक्का आणि दळलेल्या मालाला जागा नाही. तुम्ही पाहिलेलं यात पास झालं, तर बिनधास्त तेच घ्या, सर्वांत कमी डोकेदुखी.

ओळखीच्या मुलाकडून पूर्ण सिस्टम मी करून घेणार नाही. तो हुशार असेलही, पण उद्या पुण्याला नोकरी लागली की? शिवाय पैसे दिले म्हणून कोड तुमचा होत नाही. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे तुमच्या नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तोच असतो, हक्क लेखी घ्यावे लागतात. (मी वकील नाही, कागद एकदा दाखवून घ्या.) काट्याचं वजन आपोआप नोंदीत यावं, असं लहान काम मात्र त्याला जरूर द्या.

माझं मत ईआरपीनेक्स्टकडे, पण पंधरा-वीस माणसांच्या पाईप कारखान्यापुरतं. चटईवाल्यांचं गणित मला माहीत नाही. घेतलंत तर आयटमची यादी आणि प्रत्येकाचं युनिट स्वतः एक्सेलमध्ये लिहून, सुपरवायझरची सही घेऊन मगच त्यांच्या हातात द्या. सर्व्हरचा आणि ॲडमिनचा पासवर्ड पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे हवा, आणि शेवटचा हप्ता एका महिन्याचा साठा रॅकशी जुळल्यावरच.