नाग पाटावरच राहू दे

चि. पोरी,

तुझी नागपंचमीची संहिता वाचली. शेवटच्या प्रवेशात गारुडी टोपलीतून नाग काढतो, मुलं त्याला दूध पाजतात, आणि समासात तू विचारलंयस, "खरा नाग नसला तर लोक बघतील का?" तो प्रवेश काढून टाक. नागाला हात लावायचा नाही.

शिक्षक असताना मी स्वतः श्रावणात गारुडी शाळेत बोलावला होता. नाग दूध प्यायला, पोरांनी टाळ्या पिटल्या. निघताना गारुड्यानंच सांगितलं, पंचमीआधी कित्येक दिवस त्याला पाणी देत नाहीत. तहानलेला जीव पुढ्यात येईल ते पितो. दात आधीच उपटलेले होते. सापाला दूध पचत नाही, श्वासनळीत गेलं तर फुफ्फुसं बिघडतात. त्याचे पैसे मी दिले होते, पोरी. तेव्हा सगळेच असं करायचे, मला कोणी अडवलं नाही, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं. टोपलीतला तो नाग काही डोळ्यांपुढून जात नाही.

आपल्या घरातली पूजा बघ ना! पाटावर चंदनानं नाग काढायचा, लाह्या-फुलं वाहायची. त्या दिवशी तवा ठेवायचा नाही, विळी धरायची नाही, म्हणून दिंड उकडायचे. कपाशीत कोळपं घालायचं नाही. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मेल्याची कहाणी आजीकडून ऐकलीच असशील. नागीण उन्हाळ्यात अंडी घालते, ती साधारण दोन महिन्यांनी फुटतात. म्हणजे पावसाळ्यात बांधाशी, वारुळाशी पिल्लं असतात. जमीन न उकरण्यात मला तीच दया दिसते. ही दया लांबूनच करायची. वारुळाची पूजाही लांबून, बिळात दूध ओतायचं नाही. वीतभर पिल्लूसुद्धा जन्मतःच विषारी असतं, हे संहितेत ठळक येऊ दे.

शेवटचा प्रवेश असा कर. ओसरीवर नाग येतो. आजी नातवंडांना मागे ओढते आणि म्हणते, "त्यानी वाट त्याले, आपली वाट आपले." कोणी काठी उचलत नाही. एक जण लांबून नजर ठेवतो, दुसरा वनविभागाच्या 1926 वर फोन लावतो. एवढंच. सर्पमित्र आला तरी नाग हातात धरलेला दाखवू नकोस. "तो तर जाणकार आहे" म्हणशील. पोरं जाणकारी बघत नाहीत, हात बघतात, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर तसंच करायला जातात! शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानं नाग पकडून खेळ करणं गुन्हा आहे.

आणि दंश झाल्यावर मांत्रिकाकडे नेण्याचा जो विनोद घातलायस, तोही नको. अंग हलू न देता, चिरा न मारता, करकचून न बांधता तडक प्रतिविष मिळेल त्या दवाखान्यात न्यायचं, हे आजीच्याच तोंडी घाल.

रविवारी नवीन पानं घेऊन ये. पाटावरचा नाग काकूकडून काढून घेऊ, तिचा हात चांगला आहे.

तुझे गुरुजी