मराठी आणि इंग्रजी कॅप्शन एकाच चौकटीत

प्रश्न: खानापूरच्या कुंभारांवरील व्हिडिओला मराठी आणि इंग्रजी कॅप्शन एकत्र दिली की अर्धे चित्र झाकले जाते. काय करावे?

दोन्ही भाषांना प्रत्येकी एकच ओळ द्या आणि Aegisub या कॅप्शन बनवण्याच्या प्रोग्राममध्ये दोन स्वतंत्र स्टाइल करून मराठी वर, तर इंग्रजी तिच्याखाली लहान अक्षरांत ठेवा. बेळगाव परिसरातील मुलाखतींना कॅप्शन देताना, १०८० उंचीच्या चित्रासाठी मी ही मापे वापरतो: मराठीला आकार ५४ आणि `MarginV`, म्हणजे खालच्या कडेपासूनचे अंतर, ११०, इंग्रजीला ४० आणि ५०. मधली मोकळी जागा उकारांसाठी लागते. ती कमी केली की ‘कुंभार’मधला ‘कु’ इंग्रजी अक्षरांना टेकतो. खरी गर्दी मात्र लांब वाक्यामुळे होते, कारण इंग्रजी ओळ मोडून दोन झाल्या की त्या वर सरकतात आणि मराठीची जागा घेतात. म्हणून ‘ही माती आमच्या तळ्यातली आहे, भट्टीत ती लाल होते’ हे वाक्य ‘आहे’पाशी तोडून दोन कॅप्शन करावीत आणि दोन्ही भाषांची वेळ तिथेच बदलावी. `.srt` मध्ये ही मांडणी टिकत नाही, आणि ती सगळीकडे तशीच दिसावी यासाठी `.ass` फाइल चित्रावर कायमची उमटवावी लागते. मग प्रेक्षकाला कॅप्शन बंद करता येत नाहीत.