पाश्चरचा हंसमानेचा चंबू

प्रश्न: चंबूचं तोंड उघडंच होतं, हवा आत जात होती, तरी पाश्चरचा द्रव नासला कसा नाही?

हवा आत गेली, पण तिच्यातली धूळ आणि त्या धुळीवरचे सूक्ष्मजीव नळीच्या ओलसर बाकातच चिकटून बसले. लुई पाश्चरने 1860 च्या सुमारास चंबूत यीस्टचा अर्क आणि साखर घातली, मान ज्योतीवर तापवून लांब, बारीक आणि वाकडी ओढली, मग द्रव काही मिनिटं उकळला. वाफ टोकातून बाहेर पडली. गार होताना प्रथम झपाट्याने शिरणारी हवा जवळजवळ उकळत्या द्रवावर येते, त्यामुळे तिच्यातले जंतू तिथेच मरतात. नंतरची हवा इतकी सावकाश येते की धूळ वाटेतच थांबते. असा द्रव महिनोन्‌महिने नितळ राहिला. खरा पुरावा मात्र पुढच्या पायरीत आहे, आणि परीक्षेत तीच बहुतेकांकडून लिहायची राहते. मान तोडली की एक-दोन दिवसांत द्रव गढूळ होतो. मान न तोडता चंबू कलता करून द्रव बाकातल्या धुळीपर्यंत नेऊन परत आणला, तरीही तेच घडतं. म्हणजे उकळल्याने द्रवातली ‘जीवनशक्ती’ नष्ट झाली हा, निर्जीव द्रवातून जीव आपोआप उपजतात असं मानणाऱ्या विरोधकांचा आक्षेप टिकत नाही. द्रव जीव पोसायला समर्थ होताच, फक्त बीज पोहोचलं नव्हतं.

एक मर्यादा ध्यानात ठेवा: वाळलेल्या गवताचा काढा घेतलात तर मान शाबूत असूनही तो नासू शकतो. गवतावरच्या बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू 100 अंश सेल्सिअसच्या साध्या उकळीत मरत नाहीत.