व्लॉगमधला घर नंबर आणि शाळेचा बॅज: नुसता ब्लर का पुरत नाही

प्रश्न: आम्ही घरचे व्लॉग टाकतो. मागे घराचा नंबर, रस्त्याची पाटी आणि मुलीच्या गणवेशावरचा शाळेचा लोगो दिसतो. ब्लर केलं की झालं का? की आणखी काही करावं लागतं?

या तीन गोष्टींसाठी ब्लर किंवा मोझेकवर विसंबू नका. त्यावर रंगाचा भरीव ठिगळ बसवा, आणि जमेल तिथे तो तुकडाच कापून टाका.

आधी घर नंबर घ्या. मोझेक करताना एडिटर चित्राचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनात खालच्या रंगांची सरासरी भरतो. म्हणजे माहिती धूसर होते, पुसली जात नाही. लांबलचक मजकूर असता तर ती परत काढणं अवघड गेलं असतं, पण इथे आकडे दहाच असतात. तीन आकडी नंबर असेल तर शक्यता फक्त हजार. तशाच वळणाचे आकडे लिहायचे, त्यांचा तसाच मोझेक करायचा आणि कुठला जुळतो ते पाहायचं, एवढंच काम उरतं. त्यात व्हिडिओमध्ये हात हलतो, त्यामुळे तोच नंबर प्रत्येक फ्रेममध्ये चौकोनांखाली जरा वेगळ्या जागी येतो आणि शोधणाऱ्याला दरवेळी नवा धागा मिळतो. भरीव ठिगळाखाली मात्र शोधायला काहीच शिल्लक राहत नाही.

शाळेच्या बॅजचं वेगळं आहे. तो अक्षरांवरून ओळखला जात नाही, रंग आणि आकारावरून ओळखला जातो. लाल ढाल, पिवळी किनार, शेजारी पट्ट्यांचा टाय. एवढं धूसर दिसलं तरी त्याच शाळेतल्या मुलाच्या पालकांना क्षणात कळतं. म्हणून बॅज झाकताना शर्टाच्या कापडाचाच रंग उचला आणि खिशाचा तो पूर्ण भाग बुजवा. टायच ओळखीचा असेल तर बॅज झाकून उपयोग नाही. तिथे चित्रीकरण गणवेश बदलल्यावर करायचं, हेच उत्तर आहे.

हे मी अनुभवावरून सांगतेय. आमच्या एका जुन्या व्हिडिओत मुलगी दारातून बाहेर येते, फाटक लावते आणि चालायला लागते, असा बारा सेकंदांचा शॉट होता. बॅजवर मास्क, म्हणजे झाकणारा ठिगळ, लावून ट्रॅकिंग केलं होतं, म्हणजे बॅज हलेल तसा ठिगळ एडिटरच त्याच्यामागे सरकवतो. नेहमीच्या वेगाने तीनदा पाहिलं, सगळं ठीक वाटलं. दोन दिवसांनी एका अनोळखी माणसाने खाली शाळेचं नाव लिहिलं. माझ्या पोटात गोळा आला. त्याच रात्री व्हिडिओ काढून टाकला आणि एकेक फ्रेम पाहिली. सेकंदाला 30 फ्रेम्स, म्हणजे एकूण 360. त्यातल्या चार फ्रेम्समध्ये फाटक लावताना तिचा हात बॅजसमोरून गेला होता. ट्रॅकर हाताच्या मागे लागला, ठिगळ खांद्याकडे सरकला आणि बॅज स्वच्छ उघडा पडला. चार फ्रेम्स म्हणजे जेमतेम 0.13 सेकंद. चालू व्हिडिओत ते डोळ्याला दिसत नाही, पण थांबवून पाहणाऱ्याला तेवढं पुरतं.

तोच शॉट आज मी असा करेन. सुरुवात पहिल्या फ्रेमपासून नाही, तर जिथे बॅज सर्वांत मोठा आणि स्पष्ट दिसतो त्या फ्रेमपासून. तिथे मास्क आखायचा, बॅजपेक्षा चौफेर थोडा मोठा, आणि तिथून पुढे आणि मागे अशा दोन्ही दिशांनी ट्रॅक करायचं. हात आडवा आला की ट्रॅकिंग थांबवायचं. हात येण्याआधीची आणि गेल्यानंतरची जागा कीफ्रेमने, म्हणजे त्या त्या फ्रेमला ठिगळाची जागा नेमून, हाताने बसवायची आणि मधलं अंतर एडिटरला भरू द्यायचं. त्या चार-पाच फ्रेम्समध्ये ठिगळ हातावरही चढतो. चढू द्या, ते दिसलं तर दिसलं. स्टॅबिलायझेशन किंवा झूम करायचा असेल तर तो ट्रॅकिंगच्या आधी उरका, नाहीतर चित्र सरकतं आणि ठिगळ जागच्या जागी राहतो.

दोन जागा नेहमी फसवतात. एक म्हणजे चौकटीची कड. रस्त्याची पाटी आत येताना आधी अर्धीच दिसते आणि ट्रॅकर ती पूर्ण आल्यावरच पकडतो, म्हणून ठिगळ चौकटीच्या बाहेरूनच सुरू करायला हवा. दुसरी म्हणजे दोन शॉट्समधला डिझॉल्व्ह, एक शॉट विरता विरता दुसरा उमटतो तो. त्यासाठी एडिटर तुम्ही कापलेल्या टोकाच्या पलीकडच्या फ्रेम्स वापरतो आणि तिथे तुम्ही ठिगळ लावलेलाच नसतो. नंबर अर्धपारदर्शक होऊन तरंगत जातो. अशा जागी सरळ कट ठेवा.

कॅमेरा स्टँडवर असेल आणि नंबर एकाच जागी राहत असेल तर ट्रॅकिंगची गरजच नाही. ffmpeg वापरत असाल तर एका ओळीत होतं:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "drawbox=x=820:y=410:w=160:h=90:color=0x8a8078:t=fill:enable='between(t,3,9)'" -c:a copy out.mp4
```

इथे तिसऱ्या ते नवव्या सेकंदापर्यंत त्या चौकोनात भिंतीचा रंग भरला जातो. x, y म्हणजे चौकोनाचा वरचा डावा कोपरा, w, h म्हणजे रुंदी आणि उंची. हे आकडे आणि रंग आपल्या चित्रावरून घ्यायचे.

तपासणी मूळ प्रोजेक्टमध्ये करू नका, एक्स्पोर्ट केलेल्या फाइलवर करा. यूट्यूबवर खासगी ठेवून चढवली तर संगणकावर व्हिडिओ थांबवून `.` दाबल्यावर एक फ्रेम पुढे आणि `,` दाबल्यावर एक फ्रेम मागे जाता येतं. सगळा व्हिडिओ असा पाहणं शक्य नसतं. पण कॅमेरा जिथे क्षणभर थांबतो, माणूस जिथे वळतो आणि शॉट जिथे सुरू होतो किंवा संपतो, तिथे तरी पाहाच. हलत्या फ्रेममध्ये नंबर आपोआप फिस्कटलेला असतो, वाचता येतो तो कॅमेरा थांबतो तेव्हा. गाडीच्या काचेत आणि आरशात पाटी उलटी दिसते तीही शोधा. थंबनेल मूळ फुटेजमधून काढलेला नाही ना, हे पाहा. आणि एकदा डोळे मिटून नुसता आवाज ऐका. मुलगी बोलता बोलता शाळेचं नाव घेते आणि आपोआप तयार होणारे कॅप्शन्स ते अक्षरात लिहून ठेवतात.

आधीच टाकलेल्या व्हिडिओंचं काय, हेही सांगते, कारण तुमच्याकडे ते असणारच. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल बदलून टाकता येत नाही. स्टुडिओच्या एडिटरमध्ये ब्लर आहे, पण तो ब्लरच आहे, त्यामुळे नंबरासाठी मी तो वापरत नाही. त्याच एडिटरमध्ये तेवढे सेकंद कापता येतात आणि लिंक तीच राहते. कापल्यावर गोष्ट तुटत असेल तर व्हिडिओ काढून टाका आणि झाकलेला पुन्हा चढवा. जुने व्हिडिओ पाहताना सर्वांत जुन्यापासून सुरू करा. आपण सावध झालो त्याच्या आधीचे तेच असतात, आणि नव्या व्हिडिओत झाकलेलं फाटक जुन्या व्हिडिओत नंबरासकट उभं असेल तर नवा ठिगळ वाया जातो. फाटकाचा रंग आणि आकार पाहून दोन्ही घरं एकच आहेत हे कुणालाही जुळवता येतं.