टेस्टिंगमध्ये इंटर्न आहे. स्टेप्स, एक्स्पेक्टेड रिझल्ट, स्क्रीनशॉट सगळं टाकूनही डेव्हलपर माझे बग Cannot Reproduce करून बंद करतात. बग रिपोर्ट नेमका कसा लिहायचा?

तो शेरा मी स्वतः खाल्लाय, तोही इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणून लिहितेय.

प्रोफाइलच्या पानावर पत्ता बदलायचा एक पॉपअप होता. माझ्या लॅपटॉपवर तो उघडला की शेवटची पिनकोडची चौकट अर्धी दिसायची आणि त्याखालचं सेव्ह बटण दिसायचंच नाही. माऊसचं चाक फिरवलं तरी काही हलेना, कारण पॉपअप उघडा असताना मागच्या पानाचं स्क्रोल बंद केलेलं होतं. मी तिकीट टाकलं: "सेव्ह बटण काम करत नाही." स्टेप्स: लॉगिन करा, प्रोफाइलवर जा, पत्ता बदला. एक्स्पेक्टेड: पत्ता नीट सेव्ह व्हायला हवा. खाली क्रोमची आवृत्ती, रिझोल्यूशन 1920×1080, आणि फक्त पॉपअपपुरता सुबक कापलेला स्क्रीनशॉट.

डेव्हलपरने पॉपअप उघडला, बटण दाबलं, पत्ता सेव्ह झाला. तिकीट बंद. दुसऱ्या दिवशी स्टँडअपमध्ये वर हेही ऐकवलं, "बटण समोर आहे, इंटर्नला दिसत नाहीये." सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

आता राग गेल्यावर सांगते, पहिली चूक माझ्या शीर्षकात होती. बटण काम करत होतं. ते दिसत नव्हतं. मी त्याला चुकीची गोष्ट तपासायला लावली आणि ती त्याने प्रामाणिकपणे तपासली. शीर्षकात आपला अंदाज लिहायचा नाही, डोळ्यांना जे दिसलं ते लिहायचं.

पण खरी गंमत रिझोल्यूशनची. त्याचा मॉनिटरही 1920×1080 च होता! म्हणजे मी एन्व्हायरन्मेंट लिहिलं होतं, ते बरोबरही होतं, आणि तरी त्याचा उपयोग शून्य. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर सापडलं की माझ्या लॅपटॉपवर विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग 150 टक्के होतं आणि त्याच्या मोठ्या मॉनिटरवर 100. तुम्हालाही हे बघता येईल. F12 दाबा, कन्सोलमध्ये हे टाका:

```
window.devicePixelRatio
window.innerHeight
```

माझ्याकडे उत्तर आलं 1.5 आणि 585. त्याच्याकडे 1 आणि 945. दुसरा आकडा म्हणजे पानाला प्रत्यक्षात मिळालेली उंची. आणि पॉपअपची सीएसएस अशी होती:

```
top: 40px;
height: 680px;
```

बेरीज करा. पॉपअपचा तळ 720 वर. त्याच्या 945 मध्ये आरामात बसतो, माझ्या 585 मध्ये खालचे 135 पिक्सेल स्क्रीनबाहेर, आणि बटण नेमकं तिथेच.

इथे बहुतेक इंटर्न थांबतात आणि "माझ्या लॅपटॉपवर येऊन बघा" म्हणतात. मीही म्हणाले असते. पण कोणी उठून येत नाही, आणि आलं तरी तिकिटात ते उरत नाही. स्टेप अशी हवी की समोरच्याच्या मशीनवर, त्याच्याच खुर्चीत बसून बग दिसला पाहिजे. ब्राउझरचा झूम वाढवला तरी पानाला मिळणारी उंची तशीच कमी होते. मग मी लीडच्या मोठ्या मॉनिटरवर Ctrl आणि + दाबत गेले. 125 टक्क्यांवर उंची 756, बटण दिसतं. 150 वर 630, बटण गायब. तिकीट पुन्हा उघडलं ते असं:

शीर्षक: ब्राउझर झूम 150% असताना पत्त्याच्या पॉपअपमधलं सेव्ह बटण स्क्रीनबाहेर जातं, स्क्रोल होत नाही

आधीची स्थिती: आधीपासून एक पत्ता असलेलं टेस्ट खातं, 1920×1080, विंडोज स्केलिंग 100%, ब्राउझर पूर्ण मोठा केलेला

स्टेप्स:
1. लॉगिन करून प्रोफाइलचं पान उघडा.
2. झूम 150% करा.
3. पत्त्याशेजारच्या "बदला" वर क्लिक करा.
4. पॉपअपमध्ये खाली स्क्रोल करायचा प्रयत्न करा.

एक्स्पेक्टेड: पॉपअप स्क्रीनमध्ये मावत नसेल तर तो आतून स्क्रोल व्हावा आणि सेव्ह बटणापर्यंत माऊसने पोचता यावं.

प्रत्यक्षात: पिनकोडच्या खालचा भाग कापला जातो, काहीच स्क्रोल होत नाही. 125% वर अडचण नाही. 5 पैकी 5 वेळा.

स्क्रीनशॉट दोन, 125 आणि 150 चे, दोन्ही अख्ख्या स्क्रीनचे. पहिला मी कापला नसता तर खालचा टास्कबार आणि त्याच्या काठाला चिकटून कापलेला पॉपअप बघूनच कोणालाही कळलं असतं. कापलेला स्क्रीनशॉट सुंदर दिसतो, पण पुरावा तोच गेलेला असतो.

यावर उत्तर आलं, "टॅब दाबत जाऊन एंटर मारला की सेव्ह होतंय. हा बग नाही, एन्हान्समेंट आहे." खरंच होत होतं, न दिसणारं बटण दाबून. इथेच एक्स्पेक्टेड रिझल्ट कामाला येतो, आणि माझं ठाम मत आहे की रिपोर्टमधली सगळ्यात कमी विचार करून लिहिलेली ओळ तीच असते. "नीट चालायला हवं" हे एक्स्पेक्टेड नव्हे, ती तुमची इच्छा. त्याला आधार लागतो: रिक्वायरमेंट, डिझाइन, किंवा त्याच अ‍ॅपमधला दुसरा पॉपअप. आमच्या रिक्वायरमेंटमध्ये झूमचा शब्द नव्हता, पण वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या WCAG या नियमावलीची एए पातळी पाळायची असं मात्र लिहिलं होतं. त्यातला 1.4.4 हा निकष सांगतो की मजकूर 200 टक्क्यांपर्यंत मोठा केला तरी आशय किंवा सोय हरवता कामा नये. मी एक्स्पेक्टेडखाली एवढी एक ओळ जोडली. एन्हान्समेंट हा शब्द पुन्हा आला नाही.

दुरुस्ती झाली ती दोन ओळींची, ठरीव उंचीच्या जागी:

```
max-height: 90vh;
overflow-y: auto;
```

हां, अख्खा स्क्रीनशॉट म्हणजे उघडे टॅब, मेल, टोकन असलेली यूआरएल सगळंच त्यात येतं. ते झाका, पण पानाच्या कडा ठेवा. आणि प्रत्येक बगाला एवढं खणायला जाऊ नका. स्पेलिंगच्या चुकीला एक चित्र पुरतं. कधी दिसणाऱ्या, कधी न दिसणाऱ्या बगला "10 पैकी 3 वेळा" असं सरळ लिहा, शंभर टक्क्यांचा आव आणू नका. डेव्हलपरही वाईट नव्हता, माझं पहिलं तिकीट मीसुद्धा बंदच केलं असतं. फक्त बंद करण्याआधी "तुझी स्क्रीन दाखव" एवढं विचारायला त्याला दहा सेकंद लागले असते, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

दुरुस्ती तपासून, 150 आणि 200 दोन्हीवर, ते तिकीट मीच बंद केलं. त्याच्या हिस्टरीत Cannot Reproduce ची ओळ अजून आहे, तारखेसकट.